डीएममध्ये "काय भाव?" विचारलं, तर पहिल्याच उत्तरात काय लिहायचं? (हैदराबादेत मासळी विकणाऱ्यांसाठी)



हैदराबादेत इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवरून मासळी विकणारे आपले बरेच जण आहेत. काचीगुडा, सुलतान बाजार भागातली जुनी मराठी घरं, गच्चीबावली-कोंडापूरला आयटीत काम करणारी मुलं, आणि त्यांच्या ओळखीने आलेली तेलुगू, हिंदी गिऱ्हाइकं. मासळीचा फोटो टाकला की इनबॉक्समध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, सुरमई कशी दिली?" किंवा "वंजरम किलो कितना?" आणि बऱ्याच वेळा आपलं उत्तरही ठरलेलं असतं. "किती पाहिजे?" "नंबर द्या, फोन करते." "तुमच्यासाठी करून देऊ ना बरोबर." मग समोरचा गप्प होतो. आज ह्याच एका जागेबद्दल बोलू: भाव विचारल्यावर पहिल्या उत्तरात नेमकं काय लिहायचं.

बाजारात निम्मा भाव डोळे सांगतात

रामनगरच्या किंवा बेगम बाजारच्या मासळी बाजारात आपण "नऊशे किलो" एवढंच म्हणतो आणि काम भागतं. कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं. नग केवढा आहे ते त्याला दिसतं, कल्ला उघडून बघता येतो, बोटाने दाबून बघता येतं. कोळणीने वाटा लावलेला असेल तर वाट्यात किती बांगडे आहेत ते मोजता येतात. कापताना डोकं आणि पोट बाजूला पडताना दिसतं, त्यामुळे तीन किलोतून घरी किती जाणार ह्याचा अंदाज आपोआप येतो. पोचवायचा खर्च नाही, पिशवी त्याच्याच हातात आहे.

डीएममध्ये ह्यातलं काहीच नसतं. तिथे "नऊशे किलो" हा नुसता आकडा आहे. तो आकडा गिऱ्हाईक मासळीच्या ॲपवरच्या आकड्याशी ताडून बघतं, आणि तो भाव बहुतेक वेळा साफ केलेल्या तुकड्यांचा असतो. अख्ख्या माशाचा भाव आणि तुकड्यांचा भाव, दोन्हीला "किलो" असंच म्हटलं की कुणाची तरी फसगत झालीच. कधी गिऱ्हाइकाला वाटतं आपण स्वस्त आहोत, आणि पिशवी उघडल्यावर त्याला राग येतो. कधी ॲपवर अर्ध्या किलोच्या पाकिटाचा भाव लिहिलेला असतो, तो तो किलोचा समजतो, आणि आपण महाग दिसतो.

म्हणून डीएममध्ये भाव सांगायचा म्हणजे बाजारात डोळ्यांना जे दिसलं असतं तेही लिहायचं. पाच गोष्टी पुरतात: कुठला मासा आणि कधी पोचला, नगाचं वजन, अख्ख्याचा आणि साफ केलेल्याचा भाव, घरपोच एकूण रक्कम, आणि हा भाव किती वाजेपर्यंत. हे सगळं एका संदेशात बसतं.

एका सुरमईचा हिशोब

आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या खरेदीचे आकडे घालून हाच हिशोब तुम्ही करा.

धरा, तीन किलोची एक सुरमई ठोक बाजारात 700 रुपये किलोने घेतली. झाले 2100. बर्फ, थर्माकोलचा डबा आणि गाडीभाड्यातला तिचा वाटा 120. कापणावळ आणि पिशव्या 80. माल हातात पडला 2300 ला. आपण अख्खी 900 रुपये किलोने विकतो, म्हणजे 2700. एका सुरमईमागे 400 रुपये सुटतात.

आता तीच सुरमई कापा. डोकं, पोट, पर आणि शेपूट काढल्यावर समजा 2 किलो 100 ग्रॅम तुकडे हातात आले. हे वजन अंदाजाने धरू नका. चार-पाच वेळा काट्यावर तोलून वहीत लिहून ठेवा, कारण प्रत्येक माशाचं वेगळं येतं. पापलेटात वाया कमी जातं. कोळंबी सोलली, तर टोपली भरून आणलेली वाटीत मावते. आपल्या सुरमईचे 2700 रुपये 2 किलो 100 ग्रॅमवर वाटले तर तुकड्यांचा भाव निघतो साधारण 1280 रुपये किलो.

म्हणजे "900" आणि "1280" हे एकाच माशाचे, एकाच कमाईचे दोन भाव आहेत. कुणी नुसतं 900 सांगतो आणि तुकडे 1280 च्या हिशोबाने देतो. कुणी नुसतं 1280 सांगतो आणि महाग ठरतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की हा प्रश्नच राहत नाही. डोकं कालवणाला हवं असेल तर ते वेगळं मिळेल, हेही त्याच ओळीत लिहा. मराठी घरं डोकं सोडत नाहीत.

आता पोच. हैदराबाद पसरलेलं शहर आहे. काचीगुड्यापासून गच्चीबावली वीसेक किलोमीटर पडतं. दुचाकीवरून पार्सल पाठवायला समजा 140 रुपये लागले. अर्धा किलो तुकडे 640 चे, त्यावर 140 पोच, म्हणजे एकूण 780. हा 780 चा आकडा गिऱ्हाइकाला आधी दिसला पाहिजे. पैसे पाठवायच्या वेळी 640 चे 780 झाले, तर ते 140 रुपयांसाठी रागावत नाही. आपल्यापासून काहीतरी लपवलं होतं, ह्याचा त्याला राग येतो.

तेच उत्तर, दोन तऱ्हांनी

आधी नेहमीचा प्रकार बघा.

गिऱ्हाईक: ताई, सुरमई कशी दिली?
विक्रेती: किती पाहिजे तुम्हाला?
गिऱ्हाईक: आधी भाव तर सांगा.
विक्रेती: घ्या हो, बरोबर लावते. पत्ता पाठवा.
गिऱ्हाईक: (वाचलं, उत्तर नाही.)

इथे विक्रेतीच्या मनात खोट नसेलही. पण समोरच्याला असं वाटतं की माझा पत्ता बघून, मी कुठल्या सोसायटीत राहते ते बघून ही भाव ठरवणार. आता तेच उत्तर असं लिहून बघा.

"नमस्कार ताई. सुरमई मच्छलीपट्टणमची, रात्रभर बर्फात येऊन आज पहाटे पोचली. नग साधारण 3 किलोचा. अख्खी 900 रुपये किलो. डोकं-पोट काढून तुकडे 1280 रुपये किलो, म्हणजे अर्धा किलो 640. डोकं हवं असेल तर वेगळं देते. कोंडापूरला पोच 140, अर्ध्या किलोला एकूण 780. भाव आज दुपारी 12 पर्यंत. अर्धा किलो ठेवू की एक किलो?"

ह्यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, "आज सकाळची ताजी" असं लिहिलेलं नाही. हैदराबादला समुद्र नाही. इथे येणारी समुद्राची मासळी रात्रभर बर्फात प्रवास करूनच येते, आणि गिऱ्हाइकालाही हे ठाऊक असतं. कुठून आली आणि कधी पोचली हे सरळ लिहिलं की पुढच्या आकड्यावरही त्याचा विश्वास बसतो. दुसरी, शेवट प्रश्नाने केला आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. "कळवा" असं लिहिलं की गिऱ्हाईक "कळवते" म्हणतं आणि विसरतं. "अर्धा की एक?" ह्याला उत्तर देणं सोपं असतं.

कोंडापूर कसं कळलं? प्रोफाइलवर किंवा आधीच्या ऑर्डरमध्ये दिसलं तर ठीक. नसेल तर तीन टप्पे लिहा: 5 किलोमीटरपर्यंत इतके, 10 पर्यंत इतके, 20 पर्यंत इतके. पण भाव सांगायचा तो आधीच, पत्ता मिळेपर्यंत अडवून धरायचा नाही.

भाव लपवायची तीन कारणं, आणि ती खरी किती

पहिलं कारण: दुसरे विक्रेते आपला भाव बघतील. बघू देत. ठोक बाजारात सगळे एकाच लिलावात उभे असतात, आपण काय भावाने उचललं ते त्यांना आधीच माहीत असतं. ज्याला खरंच काढून घ्यायचा आहे तो गिऱ्हाईक बनून डीएममध्ये विचारतोच.

दुसरं कारण: भाव रोज बदलतो. हे खरं आहे, म्हणूनच भावाला वेळ जोडायची. सकाळी माल हातात आला की तारीख घालून "आजचा भाव" इन्स्टाच्या स्टोरीवर टाका. स्टोरी 24 तासांनी आपोआप जाते, त्यामुळे जुना भाव कुणाच्या हाती राहत नाही. पोस्टवर लिहिलेला भाव मात्र तसाच राहतो, आणि महिन्याने कुणीतरी तो दाखवून भांडतं. पोस्टवर फक्त माशाचं नाव, नगाचं वजन आणि "आजचा भाव स्टोरीवर" एवढंच ठेवा.

तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही: माणूस बघून भाव लावता येतो. बाजारात हे चालून जातं, कारण दोन गिऱ्हाइकं एकमेकांना भेटत नाहीत. डीएममध्ये प्रत्येक भाव लिहून जातो, आणि त्याचा स्क्रीनशॉट अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला दोन मिनिटं लागतात. तिसऱ्या मजल्यावर 1280 आणि सातव्यावर 1400 लावलात, तर सातवा मजला जातोच, आणि ग्रुपमधली बाकीची घरंही जातात. हैदराबादेत आपला धंदा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत ग्रुपवरूनच पसरतो, म्हणून हे नुकसान सगळ्यात मोठं.

कायदाही इथे उघडपणाच्याच बाजूला आहे. 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांत ऑनलाइन विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि पोच वगैरे खर्चाची फोड दाखवावी असं म्हटलं आहे. 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आधी कमी किंमत दाखवून शेवटी खर्च चढवत नेणं हा फसवा प्रकार म्हणून नोंदवला आहे. नियमित धंदा करणाऱ्याने "मी तर फक्त डीएमवर विकतो" असं म्हणून निर्धास्त राहू नये.

"थोडं कमी करा ना"

हे येणारच. उत्तर द्यायच्या आधी आपली सुरमई आठवा. एका नगामागे 400 सुटतात. किलोला 50 कमी केले तर तीन किलोवर 150 गेले, उरले 250. म्हणजे आधी पाच सुरमया विकून जे 2000 मिळत होते, त्यासाठी आता आठ विकाव्या लागतील. "फक्त पन्नास रुपये" दिसायला लहान आहेत, पण ते आपल्या कमाईतून जातात, खरेदीतून नाही.

म्हणून किलोचा भाव हलवू नका. भाव हलला की पहिला आकडा खोटा होता असं ठरतं, आणि पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक आकडा ऐकायच्या आधीच घासाघीस सुरू करतं. त्याऐवजी खर्च जिथे खरोखर वाचतो तिथे वाचवून द्या. पोच हा त्यातला सगळ्यात मोकळा भाग आहे. "तुमच्याच इमारतीत अजून एक ऑर्डर झाली तर पोच दोघींत वाटते. अर्ध्या किलोला 780 ऐवजी 710 पडतील." ह्यात आपला एक रुपयाही जात नाही, आणि एक नवं गिऱ्हाईक तेच आपल्याला आणून देतं.

दुसरा मार्ग म्हणजे मासा बदलणं. सुरमई परवडत नसेल तर बांगडा आहे, लहान नगाची सुरमई आहे. पापलेटात तर नग जितका मोठा तितका किलोचा भाव चढा असतो, त्यामुळे लहान नग सुचवला की त्याच बजेटमध्ये काम होतं. हे कमीपणा दाखवून सांगायचं नाही. "पाचशेत बसवायचं असेल तर हे आहे" असं सरळ लिहायचं.

आणि तरीही नाही जमलं तर "बरं ताई, पुढच्या वेळी" म्हणून सोडा. आपल्याला परवडत नाही तो भाव द्यायचा नाही, आणि गिऱ्हाइकाला परवडत नाही तो भाव त्याच्या गळ्यात मारायचा नाही. उघड भावाने प्रत्येक विचारणा विक्रीत बदलत नाही. ज्याला घ्यायचं नाही तो पाच मिनिटांत कळतो, आणि तो वेळ दुसऱ्याला देता येतो.

जूनचा पहिला पंधरवडा

हैदराबादेत भावाची खरी परीक्षा मृगाला होते. तेलुगू लोक त्याला मृगशिरा कार्ती म्हणतात, साधारण 7-8 जूनला येते. त्या दिवशी मासे खायची इथे जुनी चाल आहे. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बत्तिनी कुटुंब दम्यासाठी जिवंत माशातून जे औषध देतं, तेही ह्याच सुमारास. सगळं शहर मासे शोधत असतं, विशेषतः मरळ. तिला इथे कोरमीनू म्हणतात.

आणि नेमका त्याच वेळी दोन्हीकडचा समुद्र बंद असतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. म्हणजे 1 ते 14 जून दोन्हीकडचे ट्रॉलर बंदरात उभे. गोड्या पाण्यातल्या मासळीचा भाव मागणीने चढतो, समुद्राच्या मासळीचा भाव माल नसल्याने चढतो.

ह्या पंधरवड्यात कुणी सुरमईचा भाव विचारला, तर भावाच्या आधी एक ओळ घालाच: "ही बंदीच्या आधीची, गोठवलेली आहे." ती न लिहिता ताज्याचा भाव लावला, आणि तव्यावर टाकल्यावर तुकडा पाणी सोडून भुगा झाला, तर ते गिऱ्हाईक ऑगस्टमध्येही परत येत नाही. गोठवलेली म्हणून विका, गोठवलेलीचा भाव लावा. मरळचा भाव चढला असेल तर तेही कारणासकट सांगा: "मृगामुळे आज भाव चढा आहे, चार दिवसांनी उतरेल. थांबायचं असेल तर नाव लिहून ठेवते." ज्या गिऱ्हाइकाला तुम्ही थांबायला सांगितलं, ते पुढे तुमचा भाव दुसरीकडे विचारून बघत नाही.

कुठे अडतंय ते कसं ओळखायचं

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवता येतात. `/surmai` टाइप केलं की सगळा मजकूर येतो. रोज सकाळी त्यातला आकडा आणि तारीख बदला. हे राहून गेलं की काल 900 आणि आज 1000 असा घोळ होतो. तुम्ही दिलेल्या वेळेच्या आत गिऱ्हाइकाने हो म्हटलं असेल तर तोटा सोसून तोच भाव द्या. वेळ टळून गेली असेल तर पैसे घ्यायच्या आधी नवा भाव लिहा, नंतर नाही. वंजरम म्हणजे सुरमई, चंदुवा म्हणजे पापलेट, रोय्यलू म्हणजे कोळंबी: ही नावंही साठवलेल्या उत्तरात मराठी नावाशेजारी ठेवा. नाहीतर भाव एका माशाचा सांगाल आणि समोरचा दुसराच समजेल.

मग दोन आठवडे वहीत प्रत्येक विचारणेपुढे एकच गोष्ट लिहा: गिऱ्हाईक कुठल्या ओळीनंतर गप्प झालं. किलोच्या भावानंतर बहुतेक जण गप्प होत असतील, तर साफ केलेल्याचा भाव आणि नगाचं वजन लिहायचं राहिलंय, किंवा खरेदीच महाग पडतेय. पोच सांगितल्यावर गप्प होत असतील, तर ते खूप लांबचे आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवा आणि एकाच फेरीत चार घरं करा. "हो" म्हणून पैसे पाठवायच्या वेळी गप्प होत असतील, तर आगाऊ पैसे का मागता ते लिहिलेलं नाही. "कापल्यावर परत घेता येत नाही, म्हणून कापायच्या आधी अर्धे पैसे घेते" एवढी ओळ पुरते.

हॉटेल किंवा मेसवाल्यांना मात्र हे एका ओळीचं उत्तर पुरत नाही. ते रोजचा माल, उधारी आणि ठरलेला आकार मागतात. त्यांना 10 किलोपर्यंत, 25 किलोपर्यंत असे टप्प्यांचे भाव लिहून द्या आणि पुढचं फोनवर बोला. पण पहिला आकडा त्यांनाही लेखीच द्या.

उद्या सकाळी माल आला की पोस्ट टाकायच्या आधी एक मासा अख्खा तोला, कापून परत तोला, आणि दोन्ही भाव काढून साठवून ठेवा. त्या दिवशीचं पहिलं "काय भाव?" आलं की तेच पाठवा.